झोन मोठा का आला, लहान का आला? अगारची जाडी आणि डिस्कमधलं अंतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिस्क डिफ्यूजन, म्हणजे जंतू पसरलेल्या अगारवर औषधाची कागदी डिस्क ठेवून जंतू त्याला दबतो का हे बघायची टेस्ट, शिकताना सगळे ऑरगॅनिझमकडे बघतात, डिस्कच्या एक्सपायरीकडे बघतात, पण प्लेट किती जाड ओतलीये हे कोणी बघत नाही. मीही बघत नव्हतो, आणि त्याचा किस्सा खाली येईलच. इथे फक्त म्युलर-हिंटन अगारवरच्या नेहमीच्या टेस्टबद्दल लिहिलंय, आणि त्यातही दोनच गोष्टींबद्दल, जाडी आणि अंतर. बाकीचं जिथे लागेल तिथे येईल.

झोन म्हणजे नक्की काय मोजतो आपण?

लॉनमध्ये, म्हणजे प्लेटभर सलग वाढलेल्या जंतूंच्या थरात, डिस्कभोवती जो स्वच्छ गोल दिसतो त्याचा पूर्ण व्यास, डिस्कसकट. डिस्क ६ मिमीची असते म्हणून झोन अजिबात नसेल तर रजिस्टरमध्ये ६ लिहायचं, ० नाही. नवीन लोक इथेच पहिली चूक करतात, डिस्कच्या कडेपासून मोजतात आणि मग १८ चा झोन १२ होतो.

मोजताना प्लेट उलटी धरायची, खाली काळं न चकाकणारं काहीतरी, लाईट वरून पडेल असा, आणि पट्टी किंवा व्हर्निअर मागच्या बाजूने लावायचा. ब्लड अगार असेल तर मात्र झाकण काढून वरून वाचायचं, कारण मागून काही दिसतच नाही. आकडा पूर्ण मिमीमध्ये. भिंग वापरू नका, कडेला अगदी बारीक वाढ भिंगाने दिसते पण ती मोजायची नसते.

"झोन २२ मिमी" एवढंच लिहिलं तर चालतं ना?

रिपोर्टला चालतं, पण वर्कशीटवर दोन शब्द जास्त लिहा असं माझं मत आहे. कड कशी आहे, सरळ कापल्यासारखी की हळूहळू विरळ होत गेलेली? गोल खरंच गोल आहे का एका बाजूला फुगलाय? आत सुट्या कॉलनी आहेत का? शेजारच्या झोनला टेकलाय का? हे चार प्रश्न लिहून ठेवले की उद्या आकडा विचित्र वाटला तर प्लेट फेकून दिलेली असली तरी विचार करायला काहीतरी हातात राहतं.

कडेचं महत्त्व किती ते स्टॅफिलोकॉकस ऑरिअस आणि पेनिसिलिनमध्ये दिसतं. तिथे कड कड्यासारखी धारदार असेल तर जंतू पेनिसिलिन मोडणारं बीटा-लॅक्टमेज बनवतोय असं धरतात, भले झोनचा आकडा सेन्सिटिव्हचा असो, आणि कड समुद्रकिनाऱ्यासारखी उतरती असेल तर बनवत नाहीये. म्हणजे तिथे आकड्यापेक्षा कडच जास्त बोलते.

आत सुट्या कॉलनी दिसल्या तर "डाग असेल" म्हणून सोडू नका. आधी प्युअर कल्चर आहे का बघा, पुन्हा लावा, आणि पुन्हा आल्या तर त्या वाढीत धरायच्या. उलट प्रोटिअसचा पसरणारा पातळ पडदा आणि सल्फा-ट्रायमेथोप्रिममधली फिकट वाढ, हे दोन्ही सोडून द्यायचं आणि ठळक कड मोजायची.

मोठा झोन म्हणजे ते औषध जास्त स्ट्रॉंग, बरोबर?

नाही, आणि हा गैरसमज एकदा डोक्यातून गेला की बाकी सगळं सोपं होतं.

प्लेटवर एक शर्यत चालू असते. डिस्क ओल्या अगारवर टेकली की औषध लगेच बाहेर झिरपायला लागतं, डिस्कजवळ जास्त, लांब गेलं की कमी. त्याच वेळी जंतूही वाढायला लागतात. एखाद्या जागी जंतूंची संख्या एका मर्यादेपुढे गेली की नंतर तिथे औषध पोचलं तरी उपयोग नसतो, लॉन झालेलं असतं. म्हणजे कड कुठे येणार हे पहिल्या काही तासांतच ठरतं, आपण सोळा-अठरा तासांनी वाचतो ते फक्त त्याचं चित्र.

आता या शर्यतीत औषधाचा रेणू केवढा, डिस्कमध्ये किती मायक्रोग्रॅम आहे, जंतू किती वेगाने वाढतो, सुरुवातीला किती टाकला हे सगळं येतं. म्हणून सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा ३० आणि जेंटामायसिनचा २० बघून सिप्रो चांगलं असं म्हणता येत नाही. प्रत्येक औषधाचा आकडा त्याच्या स्वतःच्या टेबलशीच जुळवायचा. आणि ते टेबल बनवताना सगळ्यांनी एकाच जाडीची प्लेट वापरली होती, हा मुद्दा पुढे सगळीकडे येणार आहे. १९६६ मध्ये बाउअर, किर्बी, शेरिस आणि टर्क यांनी जी पद्धत एकसारखी करून मांडली, तिचा गाभाच हा आहे की बाकी सगळं फिक्स ठेवलं तरच व्यासाला अर्थ आहे.

अगार किती जाड हवं?

४ मिमी. या टेस्टचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्था आहेत, युरोपची युकॅस्ट आणि अमेरिकेची सीएलएसआय. युकॅस्ट ४ अधिक-उणे अर्धा मिमी म्हणतं, सीएलएसआयही साधारण ४ च म्हणतं. मोठ्या १५० मिमीच्या प्लेटला ६० ते ७० मिली आणि छोट्या प्लेटला २५ ते ३० मिली असा ढोबळ आकडा असतो.

पण प्लेटवर लिहिलेला आकडा आणि आतला खरा व्यास वेगळा असतो, त्यामुळे आपली प्लेट एकदा मोजून हिशोब करा. समजा ९० ची प्लेट म्हणून घेतली आणि तळाचा आतला व्यास भरला ८६ मिमी. त्रिज्या ४३, क्षेत्रफळ साधारण ५८०० चौरस मिमी, गुणिले ४ म्हणजे २३ मिलीच्या थोडं वर. २५ मिली ओतलं तर जाडी ४.३ मिमी, चालेल. २० मिली ओतलं तर जेमतेम ३.४. आणि १५ मिली ओतलं, जे अगार वाचवायच्या नादात बऱ्याच ठिकाणी होतं, तर २.६ मिमी. ही प्लेट डोळ्याला अगदी नॉर्मल दिसते हो, हाच तर प्रॉब्लेम आहे.

जाडीने झोनला एवढा काय फरक पडतो?

डिस्कमधलं औषध ठरलेलं आहे, समजा १० मायक्रोग्रॅम. ते फक्त आडवं जात नाही, खालीही जातं. पातळ अगारमध्ये खाली जागाच कमी, लगेच प्लॅस्टिकचा तळ लागतो, मग ते सगळं आडवं पसरतं आणि त्याच अंतरावर जास्त दाट मिळतं. झोन मोठा. जाड अगारमध्ये तेवढंच औषध जास्त खोलीत वाटलं जातं, प्रत्येक अंतरावर थोडं पातळ. झोन लहान.

याला एक सोपं सूत्र आहे, खरं तर आदर्श परिस्थितीतलं, पण दिशा आणि मोजमाप समजायला पुरेसं आहे:

```
r² = 4DT · ln( M / (4πDhTc) )
```

इथे r म्हणजे झोनची त्रिज्या, D डिफ्यूजनचा वेग, T तो ठरवणारा सुरुवातीचा काळ, M डिस्कमधलं औषध, h जाडी, c जंतूला थांबवायला लागणारं प्रमाण. h लॉगच्या आत खाली बसलंय हे बघा, म्हणजे जाडी दुप्पट केली म्हणून झोन अर्धा होत नाही, परिणाम दबलेला असतो.

छोट्या रेणूसाठी D साधारण १.८ चौरस मिमी दर तासाला आणि T पाच तास धरलं तर 4DT येतं ३६. आता गंमत बघा. जाडी ४ वरून २ मिमी केली की त्रिज्येच्या वर्गात ३६ गुणिले ०.६९ म्हणजे २५ ची भर पडते, झोन कुठलाही असो. पण व्यासावर त्याचा परिणाम सारखा नसतो:

४ मिमीवर ३३ चा झोन असेल तर २ मिमीवर तो साधारण ३४.५ होतो. २४ चा असेल तर २६. आणि १६ चा असेल तर तो थेट १९ ला जातो.

म्हणजे मोठ्या झोनला पातळ प्लेटने फारसं काही होत नाही, आणि लहान झोन मात्र चांगलाच हलतो. आणि लहान-मध्यम झोन हेच बहुतेक ब्रेकपॉईंटजवळ, म्हणजे सेन्सिटिव्ह की रेझिस्टंट हे ठरवणाऱ्या आकड्याजवळ, बसलेले असतात! हे मला स्वतः गणित करून बघेपर्यंत कळलं नव्हतं, आधी मला वाटायचं सगळे झोन सारखेच सरकत असतील.

मग जाड प्लेट ओतली तर सेफ ना? झोन लहान येईल, जास्तीत जास्त काय होईल?

खोटा रेझिस्टन्स होईल. वरच्याच हिशोबाने ६ मिमीच्या प्लेटवर १६ चा झोन १४ होतो, २४ चा साधारण २३. ज्या औषधाने पेशंट बरा झाला असता ते यादीतून उडतं आणि डॉक्टर त्याहून भारी औषधाकडे जातो. पातळ प्लेटची चूक, म्हणजे रेझिस्टंट जंतूला सेन्सिटिव्ह म्हणणं, जास्त धोक्याची हे खरं, पण म्हणून जाड प्लेट म्हणजे सेफ असं नाही. शिवाय अगारही वाया जातं.

तुमच्याकडे कधी असं झालंय का खरंच?

हो. हाच तो किस्सा.

मी ज्या लॅबमध्ये होतो तिथे आठवड्याच्या क्वालिटी कंट्रोलला इ. कोलाय एटीसीसी २५९२२ हा ठरलेला स्टँडर्ड जंतू लावायचो. महिनाभर सगळे आकडे रेंजमध्ये, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मग एकदा सहज जुनं रजिस्टर उघडलं तर जेंटामायसिन, जे आधी २२ च्या आसपास असायचं, ते २४ ला होतं. ॲम्पिसिलिन १९ वरून २१. सिप्रो ३३ वरून ३४. रेंज बघितल्या तर जेंटामायसिनची १९ ते २६, त्यामुळे सगळं "पास". पण सगळी औषधं एकाच दिशेने सरकली होती आणि लहान झोनवाली जास्त सरकली होती.

आधी वाटलं इनॉक्युलम हलकं असेल, म्हणजे सुरुवातीला जंतूच कमी टाकले असतील, कारण त्यानेही झोन मोठे होतात. पण ०.५ मॅकफार्लंड स्टँडर्डच्या ठरलेल्या गढूळपणाशी जुळवलेलं होतं, आणि लॉन बघितलं तर सलग, घट्ट. इनॉक्युलम कमी असतं तर लॉन विरळ दिसतं, सुट्या सुट्या कॉलनी दिसतात. मग पीएच? पीएच बिघडला तर सगळी औषधं एका दिशेने जात नाहीत, आंबट बाजूला गेलं तर जेंटामायसिनसारख्यांचा झोन लहान होतो आणि टेट्रासायक्लिनचा मोठा. इथे तसं नव्हतं. म्हणजे अशी गोष्ट जी सगळ्यांना एकाच बाजूला ढकलते.

शेवटी एका न वापरलेल्या प्लेटमधला अगारचा तुकडा ब्लेडने सरळ कापला, उभा धरला आणि स्टीलच्या पट्टीवर ठेवला. अडीच मिमीच्या थोडा वर. ओतणाऱ्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "सर, एका बॉटलमधून जास्त प्लेट निघतात ना म्हणून." बिचाऱ्याने सिलिंडर कधी वापरलाच नव्हता, अंदाजाने ओतत होता, आणि आम्हीही त्याला कधी सांगितलं नव्हतं.

मग महिन्याभरातल्या पेशंटच्या आकड्यांचं काय, हा खरा प्रश्न. ज्यांचे झोन ब्रेकपॉईंटपासून चार-पाच मिमी लांब होते ते आम्ही सोडले. जवळचे होते ते पुन्हा लावले. एक इ. कोलाय आठवतो, ॲम्पिसिलिनला पातळ प्लेटवर १८ आला होता. सीएलएसआयच्या टेबलात १७ किंवा जास्त म्हणजे सेन्सिटिव्ह, १४ ते १६ मधलं. ४ मिमीच्या प्लेटवर तोच १६ आला, म्हणजे मधल्या गटात. तुम्ही सूत्रात २.६ मिमी घालून बघितलंत तर १६ चा झोन साधारण १८ होतो, म्हणजे गणित आणि प्लेट जमली. अर्थात एखाद मिमीची चूक मोजण्यातही असते, त्यामुळे एका प्लेटवरून फार छाती फुगवू नये.

जाडी मोजायची कशी? प्रत्येक प्लेट कापणार का?

नाही. प्रत्येक बॅचमधून एक प्लेट बळी द्यायची. मध्ये एक आणि कडेला चारही बाजूंना, अशा पाच जागी. कडेला अगार भिंतीवर किंचित चढलेलं असतं तो भाग सोडायचा. चारही बाजूंचे आकडे वेगळे आले तर ओतताना टेबल तिरकं होतं.

आणि हे तिरकं प्रकरण लोक हलक्यात घेतात. फक्त एक अंशाचा उतार असेल तर ८६ मिमीच्या प्लेटवर या कडेपासून त्या कडेपर्यंत जाडीत दीड मिमीचा फरक पडतो. डोळ्याला एक अंश कळत नाही. पाण्याची लेव्हल ठेवून बघा, स्वस्तात काम होतं. प्लेट गरम असताना एकावर एक चळत लावून ठेवल्या तरी हाच प्रकार होतो, खालची एक तिरकी बसली की वरच्या सगळ्या तिरक्या.

अजून एक, प्लेट जास्त वेळ उघडी वाळवली किंवा फ्रिजमध्ये बरेच आठवडे ठेवली की पाणी उडतं आणि जाडी कमी होते. त्यामुळे ओतताना ४ होती म्हणजे वापरताना ४ आहे असं धरू नका. कापून बघायची प्लेट वापरायच्या दिवशी काढा.

झोन अंड्यासारखा आला, का?

जाडीतला उतार हे एक कारण, पातळ बाजूला झोन थोडा जास्त पसरतो. पण एक अंशाच्या उताराने हा फरक इतका कमी असतो की नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. स्पष्ट अंडाकृती दिसत असेल तर बहुतेक वेळा शेजारची डिस्क किंवा प्लेटची कड हे कारण असतं. स्वॅब नीट फिरवला नसेल तरी होतं. तीन वेळा, दर वेळी प्लेट ६० अंश फिरवून आणि शेवटी कडेने एक फेरी, हे नीट केलं नाही तर लॉन एका बाजूला विरळ राहतं आणि तिकडे झोन फुगतो.

डिस्कमध्ये किती अंतर ठेवायचं? २४ मिमी म्हणतात ते कुठून कुठे?

मध्यापासून मध्यापर्यंत. कडेपासून कडेपर्यंत नाही. डिस्क ६ ची असल्यामुळे २४ मध्य-ते-मध्य म्हणजे दोन डिस्कच्या कडांमध्ये १८ मिमी मोकळी जागा. हा गोंधळ इतक्या जणांचा होतो की मी आता सरळ १८ मिमीचा कागदाचा तुकडा कापून ठेवायला सांगतो, दोन डिस्कच्या मध्ये तो बसला पाहिजे.

आणि २४ हे किमान आहे, आदर्श नाही. समजा सिप्रोचा झोन ३३ आणि सेफ्ट्रिॲक्झोनचा ३२. त्रिज्या १६.५ आणि १६, बेरीज ३२.५. दोघं २४ वर ठेवलेत तर झोन साडेआठ मिमीने एकमेकांत घुसणार. नुसते टेकायलाही ३२.५ मिमी अंतर लागतं. त्यामुळे मोठे झोन देणारी दोन औषधं शेजारी ठेवूच नयेत, मध्ये जेंटामायसिनसारखं लहान झोनवालं घाला.

छोट्या प्लेटवर मग किती डिस्क मावतात?

हिशोब करून बघू. ८६ मिमीच्या प्लेटवर डिस्क मध्यापासून २८ मिमीवर वर्तुळात लावल्या तर कडेपर्यंत प्रत्येकीला १५ मिमी उरतात. सहा लावल्या तर दोन शेजाऱ्यांमधलं अंतर २८, पाच लावल्या तर ३३, चार लावल्या तर साडेएकोणचाळीस. म्हणजे सहा डिस्क नियमात बसतात, पण जंतू चांगला सेन्सिटिव्ह असेल तर झोन एकमेकांत घुसणारच. युकॅस्टही ९० च्या प्लेटवर जास्तीत जास्त सहा म्हणतं. मी स्वतः चार किंवा पाचच लावतो. मध्ये सातवी डिस्क टाकायचा मोह होतो, कारण तीही सगळ्यांपासून २८ वरच पडते, पण ती टाकली की सहाही झोन आतल्या बाजूने कापले जातात आणि मग कोणाचाच व्यास नीट मिळत नाही.

झोन एकमेकांत मिसळले, आता काय? दोन टोकं तर दिसतायत, मोजून टाकू का?

थोडंच मिसळलं असेल, म्हणजे दोन स्वच्छ गोल एकमेकांना छेदतायत आणि मिळतात तिथे टोकदार कोन आहे, तर दोन डिस्क जोडणाऱ्या रेषेच्या काटकोनात मोजा. त्या दिशेला शेजाऱ्याचा त्रास सगळ्यात कमी असतो आणि पूर्ण व्यास मिळतो.

पण तो टोकदार कोन भरून आला असेल, गोलसर झाला असेल, मध्ये पूल बांधल्यासारखं दिसत असेल तर तिथे दोन औषधं एकमेकांना मदत करतायत. एकट्या औषधाचं प्रमाण जिथे पुरलं नसतं तिथे दोघांनी मिळून जंतू थांबवला. अशा वेळी मी मोजत नाही, त्या औषधाची डिस्क दुसऱ्या प्लेटवर एकटी लावतो. काही जण स्वच्छ बाजूची त्रिज्या मोजून दुप्पट करतात. डिस्क मध्यावर आहे असं गृहीत धरून, आणि मोजण्यातली चूकही दुप्पट होते हे विसरून. मला पटत नाही.

मग अंतर मुद्दाम कमी ठेवून काही कळतं का?

हो की! तेच तर उलटं वापरतात. एरिथ्रोमायसिन १५ मायक्रोग्रॅम आणि क्लिंडामायसिन २ मायक्रोग्रॅम स्टॅफिलोकॉकसवर शेजारी ठेवायच्या, आणि क्लिंडाचा झोन एरिथ्रोच्या बाजूने सपाट झाला, इंग्रजी डी अक्षरासारखा, तर क्लिंडाचा रेझिस्टन्स लपलेला आहे, एरिथ्रो त्याला जागं करतंय. इथे सीएलएसआय अंतर देतं १५ ते २६ मिमी, पण हे कडेपासून कडेपर्यंत! म्हणजे मध्य-ते-मध्य २१ ते ३२. वरच्या २४ च्या नियमाशी तुलना करताना हे विसरलात तर वाटेल की नियम मोडलाय.

अंतर जास्त झालं तर सपाटपणा दिसतच नाही, कारण एरिथ्रोचं औषध क्लिंडाच्या कडेपर्यंत वेळेत पोचत नाही. मग "डी-टेस्ट निगेटिव्ह" लिहून मोकळे. फार जवळ ठेवलं तरी आकार नीट कळत नाही. आणि जाडी इथेही येते, जाड प्लेटवर क्लिंडाचा झोन आखडतो त्यामुळे बरोबर अंतरावर ठेवूनही सपाट बाजू पुसट होऊ शकते.

तसंच अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटच्या शेजारी सेफलोस्पोरिनची डिस्क ठेवली आणि मधल्या बाजूला झोन किल्लीच्या भोकासारखा फुगला तर ईएसबीएलचा, म्हणजे सेफलोस्पोरिन मोडणाऱ्या एन्झाइमचा, संशय घ्यायचा. हा आकार एखाद्या रुटीन प्लेटवर योगायोगाने दिसला तर "झोन बिघडला" म्हणून पट्टी लावू नका, ती माहिती आहे.

डिस्क कडेच्या जवळ पडली तर?

भिंत प्लॅस्टिकची आहे, औषध तिच्यातून जात नाही, परत फिरतं. त्यामुळे कडेच्या बाजूला औषध साठतं आणि झोन तिकडे ओढला जातो, शिवाय गोल पूर्ण न झाल्यामुळे व्यास एकाच दिशेने मिळतो. त्यात कडेला अगारही भिंतीवर चढलेलं, म्हणजे जाडी वेगळी. तीन गोष्टी एकदम. डिस्कचा मध्य कडेपासून १५ मिमी तरी आत हवा.

डिस्क चुकीच्या जागी पडली, चिमट्याने हळूच सरकवली तर चालेल?

नाही. ओल्या अगारला टेकल्या टेकल्या औषध झिरपायला लागतं. सरकवली की मूळ जागी एक झोन आणि नव्या जागी दुसरा, दोन्ही अर्धवट, आणि मिळून लांबट आकार. ती तिथेच राहू द्या, हवी तर दुसरी नवीन डिस्क योग्य जागी लावा आणि पहिलीच्या भोवतीचं काही वाचू नका. जागाच नसेल तर नवी प्लेट.

डिस्क लावल्यावर प्लेट थोडा वेळ बाहेर राहिली तर काय होतं?

झोन मोठा होतो. थंड हवेत जंतू हळू वाढतात पण औषध झिरपणं चालूच असतं, म्हणजे शर्यतीत औषधाला आधीच पुढे सोडलं. म्हणून पंधरा-पंधरा-पंधरा मिनिटांचा नियम: सस्पेन्शन बनवल्यापासून पंधरा मिनिटांत लॉन, लॉननंतर पंधरा मिनिटांत डिस्क, डिस्कनंतर पंधरा मिनिटांत ३५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये, उलटी ठेवून.

हे या पानावर का, तर हा दोष पातळ प्लेटसारखाच दिसतो, सगळे झोन मोठे. फरक असा की पातळ प्लेटचा दोष त्या बॅचच्या सगळ्या प्लेटमध्ये दिवसेंदिवस येतो, आणि उशिराचा दोष ज्या दिवशी घाई नव्हती किंवा डबा खायला गेलात त्या दिवसापुरता. रजिस्टरमध्ये बॅच नंबर आणि वेळ दोन्ही लिहिलेलं असेल तर दोन मिनिटांत कळतं कुठला आहे.

क्वालिटी कंट्रोल रेंजमध्ये आहे, तरी जाडी तपासायची?

हो. रेंज रुंद असते, जेंटामायसिनची सात मिमीची, आणि पातळ प्लेटने सरकतं दीड-दोन मिमी. एक दिवसाचा आकडा रेंजमध्येच राहणार. सलग वीस-तीस आकडे ग्राफवर टाका, मग दिसेल की आधी मधल्या रेषेच्या वर-खाली नाचत होते आणि अमुक बॅचपासून सगळे रेषेच्या वर आहेत. आमचं रजिस्टर असं ग्राफवर असतं तर दुसऱ्याच आठवड्यात कळलं असतं.

एका जंतूचे सगळे झोन लहान आले आणि जाडी ४ च निघाली. मग?

मग बघा इनॉक्युलम जड होतं का. सगळे नाही, काहीच झोन लहान असतील तर बघा डिस्क फ्रीजरमधून काढून डबा थंड असतानाच उघडला होता का. थंड डबा उघडला की हवेतलं पाणी डिस्कवर बसतं आणि बीटा-लॅक्टम तिथेच हळूहळू मरतात. अशा वेळी ॲम्पिसिलिन, अमॉक्सी-क्लॅव्ह, इमिपेनेम यांचे झोन आखडतात आणि जेंटामायसिन, सिप्रो जागेवर असतात. जाडीचा दोष असा औषध बघून भेदभाव करत नाही, त्यामुळे निवड करून लहान झालेले झोन दिसले की प्लेट कापत बसू नका, डिस्कचा डबा बदला.